दिव्याची अवस नक्की कधी होती? आत्याच्या आठवणी चित्रित करताना

पानशेतचा पूर आला तेव्हा माझी आत्या सतरा वर्षांची होती आणि नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या वाड्यात राहत होती. दोन वर्षांपूर्वी, ती ऐंशीची झाल्यावर, मी तिच्यासमोर कॅमेरा मांडून बसले. तीन बैठकींत मिळून साधारण अडीच तासांचं चित्रीकरण झालं. त्यातली चारच मिनिटं मी इथे जवळून दाखवणार आहे, कारण प्रश्न कसे काढायचे, आवाज कसा घ्यायचा आणि फायली कशा जपायच्या, या तिन्ही गोष्टी मला त्या चार मिनिटांनी शिकवल्या.

त्या चार मिनिटांत आत्या सांगते, "त्या दिवशी दिव्याची अवस होती. आईनं समया, निरांजनं, सगळं घासून पाटावर मांडलं होतं. पाणी आलं आणि पाटासकट गेलं." नंतर घरी जाऊन मी त्या वर्षाची तिथी पाहिली. पूर आला १२ जुलै १९६१ला, बुधवारी. त्या दिवशी अमावास्या होती हे खरं, पण ती ज्येष्ठातली. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे सगळे सण पुढे गेले होते, आणि दिवे पुजायची आषाढातली अमावास्या आली ११ ऑगस्टला, पुरानंतर बरोबर महिन्यानं. म्हणजे पाटावर मांडलेले दिवे वाहून गेले, असं घडलेलंच नसणार.

मग आत्या चुकली का? तारखेत चुकली. पण पुढच्या बैठकीत मी फक्त एवढंच विचारलं, "आत्या, पुरानंतरची पहिली दिव्याची अवस कुठे झाली?" ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पाव्हण्यांच्या घरी. चिखलातून एकच समई मिळाली होती, तिचा वरचा भाग नव्हता. आईनं तीच घासली. घासताना रडत होती." दोन अमावास्या तिच्या मनात एक झाल्या होत्या. कागदपत्रांत धरण कधी फुटलं ते सापडतं. एका बाईला पूर म्हणजे दिवे गेले असंच का आठवतं, ते मात्र या चुकीतूनच कळतं. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकानं तेर्नी शहरात असंच पाहिलं होतं. तिथला एक तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीनं मेला. पण बरेच कामगार ती घटना १९५३ची सांगत, कारण त्या वर्षी कारखान्यातून लोकांना मोठ्या संख्येनं काढलं होतं आणि त्यांच्या लेखी तोच मृत्यू त्याच लढ्यातला होता.

म्हणून पहिला नियम: समोरचं माणूस बोलत असताना दुरुस्ती करायची नाही. "अगं आत्या, जुलैत दिव्याची अवस नव्हती" असं मी तिथेच म्हटलं असतं, तर ती ओशाळली असती आणि पुढचं सगळं "मला काही नीट आठवत नाही हं" या सुरात आलं असतं. शंका वहीत लिहायची, घरी येऊन तपासायची आणि पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूनं प्रश्न विचारायचा. यासाठी एकाच दिवसात सगळं उरकायचं नाही. दोन बैठकींत आठवडाभराचं अंतर ठेवावं. आधीच्या गप्पांनी ढवळलेल्या आठवणी त्या आठवड्यात वर येतात, आणि "तू गेल्यावर मला आठवलं बघ" अशी सुरुवात झाली की समजावं, आज चांगलं काहीतरी मिळणार.

प्रश्नांबद्दल मी आधी चूक केली होती. चाळीस प्रश्नांची यादी काढली होती आणि पहिलाच होता, "पुराच्या दिवशी काय झालं?" या प्रश्नाला आत्याकडे साठ वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर तयार आहे. ते तीन मिनिटांचं आहे, आम्ही सगळ्यांनी लग्नकार्यात ऐकलेलं आहे आणि त्यात दर वेळी तीच वाक्यं येतात. "तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्नही असाच. त्यावर "काय वाटणार बाई, घाबरलो" एवढंच येतं.

तयार गोष्टीच्या मागे जायचं असेल तर जागा, वस्तू आणि हात यांच्याविषयी विचारावं. मी यादी बाजूला ठेवली आणि आत्यासमोर कोरा कागद ठेवून म्हटलं, वाड्याचा नकाशा काढ. दिंडी दरवाजा, चौक, हौद, जिना, कोणाचं बिऱ्हाड कुठे. ती काढत गेली आणि मी बोट ठेवून विचारत गेले. नळाला पाणी किती वाजता यायचं? शेगडी कोण पेटवायचं? जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढलं? यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" एवढ्यात संपत नाही आणि कुठल्याच प्रश्नाचं उत्तर तिनं याआधी कुणाला दिलेलं नव्हतं. देवघराच्या कोनाड्यावर बोट ठेवलं तेव्हा समई आली. हा कागद जपून ठेवला पाहिजे. त्यावर तारीख घालून आत्याची सही घेतली आणि त्याचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवला.

चित्रीकरणाआधी एकदा नुसतं भेटायला जावं. जुने फोटो पाहावेत, साल, पत्ते, नाती यांची टिपणं काढावीत, खोली कशी आहे ते बघावं. पण त्या भेटीत मुख्य गोष्ट सांगू द्यायची नाही. आत्या सुरू झाली की मी म्हणायचे, "हे कॅमेऱ्यासमोर सांग, आत्ता नको." कारण एकदा पूर्ण सांगून झालं की दुसऱ्यांदा सांगताना माणूस अर्धं गाळतं आणि मधेच म्हणतं, "तुला सांगितलंच ना परवा." बघणाऱ्याला परवाचं काहीच माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट घरोघरी घडते. आत्या बोलत असताना काका शेजारी बसले होते आणि दर दोन वाक्यांनी म्हणत होते, "अगं, तसं नव्हतं." काका त्या वेळी पुण्यात नव्हतेच. त्यांना रागावून उपयोग नसतो, त्यांनाही बोलायचं असतं. मी त्यांची वेगळी बैठक ठरवली, पुढच्या रविवारची वेळ दिली, आणि त्या दिवशी ते आपणहून मंडईत गेले.

आता आवाजाकडे येते, कारण चित्र थोडं अंधुक झालं तरी चालतं, पण आवाज गेला तर हाती काही राहत नाही. फोनचा कॅमेरा आज पुरेसा चांगला आहे. फोनचा माइक मात्र पाच फुटांवरून खोलीतला सगळा कल्लोळ सारख्याच जोरानं उचलतो. म्हणून कपड्याला चिमटा लावून बसवायचा छोटा कॉलर माइक घ्यावा आणि तो हनुवटीपासून एक वीतभर खाली लावावा. साडीवर तो कुठे लावायचा हे इंग्रजी माहितीपुस्तिकांत नसतं, त्यामुळे सांगते. पदरावर लावला तर पदर सरकताना सतत खरखर होते. ब्लाऊजच्या गळ्याच्या कडेला लावावा, आणि मंगळसूत्र त्याच्यावर आपटणार नाही अशा बाजूला. आत्याच्या पहिल्या दहा मिनिटांत दर श्वासाबरोबर वाटी माइकवर टकटक वाजते आहे. नंतर तिनं मंगळसूत्र पदराखाली सरकवलं आणि आवाज स्वच्छ झाला. बांगड्यांचं तसंच. लाकडी टेबलावर हात आपटून बोलायची सवय असेल तर टेबलावर जाड सतरंजी घालावी, बांगड्या काढायला सांगू नये.

पंखा बंद करावा. जुलैच्या उकाड्यात हे कठीण वाटतं, म्हणून सकाळी चहानंतर नऊची वेळ धरावी आणि तासाभरात थांबावं. तसंही ऐंशीच्या माणसाला तासापलीकडे ताण होतो, आणि थकलेलं माणूस उत्तरं छोटी करत जातं. हे त्याचं लक्षण आहे: वाक्यं तुटक झाली की त्या दिवसाचं काम संपलं. फ्रीजही बंद करावा, त्याची घरघर बोलताना जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये सलग ऐकू येते. तो परत सुरू करायचा विसरू नये म्हणून मी माझ्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवते. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरला मात्र आधीच सांगून ठेवावं लागतं.

बसायची जागा अशी: खिडकी तिच्या बाजूला, पाठीमागे नाही, नाहीतर चेहरा काळा पडतो. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, तिपाईवर. मी कॅमेऱ्याच्या अगदी लगत बसते, म्हणजे ती माझ्याकडे बघून बोलते आणि चेहरा जवळजवळ समोरून येतो. कानात हेडफोन घालून एक मिनिटाची चाचणी घ्यावी आणि ती ऐकावी. पडद्यावर आवाजाची पट्टी हलते आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण माइकची पिन अर्धवट बसलेली असेल तरी फोन स्वतःच्या माइकनं आवाज घेत राहतो आणि पट्टी हलतच राहते. ओळखायची खूण सोपी आहे: कॉलर माइकवर बोटानं हलकं खरवडावं. हेडफोनमध्ये ते मोठ्यानं आलं तरच तो माइक चालू आहे.

बोलणं सुरू असताना "हो का", "अरे बापरे", "हं हं" हे सगळं गिळून टाकावं. आपलं "हं" तिच्या शब्दावर पडलं की ते नंतर वेगळं काढता येत नाही. मान डोलावावी, डोळ्यांनी दाद द्यावी. आणि ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मी मनात दहापर्यंत मोजते. समईचं रडणं आठव्या आकड्यावर आलं.

आता माझी चूक. पहिल्या बैठकीत फोन फ्लाइट मोडवर टाकायचा राहिला. बाविसाव्या मिनिटाला कुणाचा तरी फोन आला, चित्रीकरण थांबलं आणि ते पुन्हा सुरू झालंच नाही. फोनचा पडदा माझ्या बाजूला नव्हता. अर्धा तास आत्या बंद कॅमेऱ्याकडे बघून बोलली, आणि पाटावर मांडलेल्या दिव्यांची ती हकीकत नेमकी त्या अर्ध्या तासातली. ती वाचली एका कारणानं. शेजारच्या टेबलावर मी दुसरा, नुसता आवाज घेणारा रेकॉर्डर चालू ठेवला होता. त्या भागाला चित्र नाही, आवाज आहे.

तेव्हापासून दोन यंत्रं हा माझा पक्का नियम आहे. एक फोन चित्रासाठी, दुसरा फोन किंवा छोटा रेकॉर्डर आवाजासाठी. सुरुवातीला दोन्ही चालू करून एक जोरात टाळी वाजवायची. टाळीचा टोकदार आवाज दोन्हीकडे उमटतो आणि नंतर दोन्ही जुळवताना तोच धरायचा असतो. आवाजाच्या यंत्रावर WAV हा प्रकार निवडावा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एका माइकचा आवाज घेतला तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, सेटिंगमध्ये तेच शब्द दिसतात. चित्रासाठी 1080p पुरे. माझ्या फोनवर ते जुन्या प्रकारात, म्हणजे H.264मध्ये, तासाला आठ जीबीच्या आसपास जातं, आणि 4K निवडलं तर वीसच्या पुढे. बैठकीआधी फोनमध्ये याच्या दुप्पट जागा मोकळी आहे ना ते पाहावं आणि चार्जर लावून ठेवावा.

टाळीनंतर लगेच दोन वाक्यं कॅमेऱ्यासमोर बोलायची: आजची तारीख, जागा, कोण बोलतंय, कोण विचारतंय. आणि मग परवानगी. "आत्या, हे मी जपून ठेवणार आहे आणि घरातल्यांना दाखवणार आहे, चालेल ना?" ही परवानगी शेवटी पुन्हा विचारावी, कारण सुरुवातीला तिला तरी कुठे माहीत असतं आपण काय काय बोलणार आहोत ते. शेवटी आत्या म्हणाली, "दिरांच्या दुकानाचं जे सांगितलं ते मी असेपर्यंत ग्रुपवर टाकू नकोस." ते दहा मिनिटांचं आहे. मी मूळ फाइल तशीच ठेवली, त्यातून ती दहा मिनिटं वगळून घरच्यांसाठी वेगळी प्रत केली, आणि तिची अट टिपणात तिच्याच शब्दांत लिहिली. मूळ फाइल कापायची नाही. कुठली चूक, कुठली अडखळ पुढे कुणाला कामाची ठरेल ते आज ठरवता येत नाही. अमावास्येची तारीख चुकली म्हणून मी तो तुकडा काढून टाकला असता तर सगळ्यात मोलाचं तेच गेलं असतं.

संध्याकाळी घरी आल्यावर आधी चहा नाही, आधी कॉपी. फोनमधून संगणकावर केबलनं घ्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि मूळ दर्जा परत मिळत नाही. फायलींना नाव असं द्यावं की दहा वर्षांनी परक्या माणसालाही कळेल, आणि नावात तारीख आधी, वर्षापासून सुरू. म्हणजे फायली आपोआप क्रमानं लागतात:

```
2024-07-14_aatya_01_video.mp4
2024-07-14_aatya_01_audio.wav
2024-07-14_aatya_01_tipan.txt
```

`tipan` या फायलीत मी मिनिटागणिक सूची लिहिते: ००:०४ वाड्याचा नकाशा, ००:३१ दिव्याची अवस, ००:४४ दीर, बंद. पूर्ण संवाद उतरवायला तासाच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास जातात आणि बहुतेक घरांत ते होतच नाही. एक पानाची सूची त्याच रात्री होते, आणि तिच्याशिवाय अडीच तासांतली समई कुणालाही सापडणार नाही.

आता जपणं. तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावात. माझी एक प्रत संगणकावर आहे, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर नाशिकला मावसबहिणीच्या कपाटात, एक क्लाउडवर. दुसरं गाव का, हे आत्याच्या घराला वेगळं समजवावं लागत नाही. त्यांचे लग्नाचे, मुंजीचे सगळे फोटो एकाच पेटीत होते आणि पेटी तळमजल्यावर होती.

क्लाउडबद्दल दोन सावधगिरी. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, त्यात मेलही येतात, म्हणजे आमच्या एका तासानंच अर्ध्याहून जास्त संपते. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये मूळ दर्जा ठेवायचा पर्याय निवडला नाही तर तेही दाबून ठेवलं जातं. आणि दोन वर्षं कुणी त्या खात्यात गेलंच नाही तर गूगल त्यातला मजकूर काढून टाकू शकतं. खातं आत्याच्या नावानं उघडून विसरून जाऊ नये. ते घरातल्या दोन तरुणांच्या हातात असावं.

शेवटचं काम थोडं तांत्रिक आहे, पण पाच मिनिटांचं. फाइल कॉपी होताना किंवा डिस्कवर नुसती पडून असताना तिच्यातला एखादा अंश बिघडू शकतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नाव तेच, आकार तोच, फक्त एकतिसाव्या मिनिटाला चित्र फुटतं. हे पकडायला प्रत्येक फाइलचा ठसा काढतात. संगणक फाइल पूर्ण वाचून तिच्यावरून ६४ अक्षरांची एक ओळ बनवतो. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. विंडोजवर आणि मॅकवर ती अशी काढायची:

```
certutil -hashfile 2024-07-14_aatya_01_video.mp4 SHA256
shasum -a 256 2024-07-14_aatya_01_video.mp4
```

पहिली ओळ विंडोजची, दुसरी मॅकची. आलेला ठसा टिपणाच्या फाइलमध्ये चिकटवायचा. वर्षातून एकदा तिन्ही प्रतींचे ठसे पुन्हा काढायचे आणि जुळवायचे. मी हे १२ जुलैला करते.

गेल्या वर्षी माझ्या संगणकावरच्या एका आवाजाच्या फाइलचा ठसा जुळला नाही. पहिल्या बैठकीची होती, जिला चित्र नाही तीच. उघडून ऐकली तर पहिली पंधरा मिनिटं ठीक वाटली. वाट न बघता नाशिकला फोन केला, बहिणीनं डिस्क जोडून तिच्याकडच्या फाइलचा ठसा वाचून दाखवला, अक्षर अक्षर जुळला. तिनं ती फाइल मला पाठवली आणि मी बिघडलेली बदलली. मग टिपणात लिहिलं: संगणकाची डिस्क बदलणे. त्याच आठवड्यात बदलली.